‘सत्तर टोचलं’ म्हणजे किती?

वेळापूर परिसरातल्या उसाच्या रानात आजकाल मोबाइलवर टाइप करणारी बोटे कमी आणि बोलणारी तोंडे जास्त दिसतात. हात चिखलात, चष्मा घरी आणि कीबोर्डवर जोडाक्षरे शोधण्याचा कंटाळा. त्यामुळे माइकचे चिन्ह दाबायचे, बोलायचे आणि जे उमटेल ते पाठवून द्यायचे. गूगलने ऑगस्ट २०१७मध्ये मराठी बोलून टाइप करण्याची सोय दिली. ज्यांना लिहिण्याची सवय नव्हती, तेही त्यानंतर मेसेज पाठवू लागले. नातेवाइकांना, दुकानदाराला आणि आता आशाताई, सिस्टर व डॉक्टरांनाही. भाजीच्या यादीत ‘मेथी’ची ‘मिठी’ झाली तर घरात हसू होते. तसाच घोळ औषधाच्या मेसेजमध्ये झाला तर मात्र हसून सोडता येत नाही. असा मेसेज वाचणाऱ्याने काय करायचे, हे कुठल्याही प्रशिक्षणात फारसे शिकवले जात नाही.

एक उदाहरण घेऊ. ते कुणा एका घराचे नाही. अशा अनेक मेसेजमध्ये सापडणारे दोष त्यात एकत्र केले आहेत. सकाळचे साडेसात वाजले आहेत. वस्तीवर राहणाऱ्या एका शेतकऱ्याच्या आईला मधुमेह आहे आणि ती रोज इन्शुलिन घेते. मुलगा घराशेजारच्या विहिरीवर होता, मोटार चालू होती. तो धावत घरात आला आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना मोबाइलवर बोलून मेसेज पाठवला. सिस्टरच्या मोबाइलवर तो असा पोहोचला :

आईला घाम आलाय लई
सत्तर टोचलं
साखर
सकाळी खाल्लं आहे
मोटार बंद कर की
अंग कापतंय
धन्यवाद

सिस्टरनी लगेच फोन केला, पण वस्तीवर रेंज नव्हती आणि फोन लागला नाही. मेसेज तेवढे जा-ये करत होते. आता या सात तुकड्यांवरून उत्तर द्यायचे आहे.

आधी हे तुकडे असे का झाले, ते पाहू. बोललेले शब्द लिहून देणारी यंत्रणा आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढे बारीक काप करत पुढे जाते आणि प्रत्येक कापात कोणता ध्वनी असावा याचा अंदाज बांधते. मग त्या ध्वनींच्या ओळीतून कोणते शब्द होण्याची शक्यता सर्वाधिक आहे, ते निवडते. बोलणारा दम घ्यायला थांबला की अनेकदा यंत्रणेला वाटते, वाक्य संपले. तिथे तुकडा पडतो. रेंज गेली की मधला भाग गळतो. जवळ मोटार, ट्रॅक्टर किंवा पिठाची गिरणी चालू असेल तर ‘स’, ‘फ’, ‘ह’, ‘न’ असे हलके ध्वनी त्या आवाजात बुडतात. शेजारी कुणी मोठ्याने बोलले तर त्याचे शब्दही मेसेजात येतात. ‘मोटार बंद कर की’ हे सिस्टरना उद्देशून नव्हते. ते धाकट्या भावाला सांगितलेले वाक्य होते.

अशा मेसेजात दोन प्रकारचे दोष असतात आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला दोष उघडा असतो. ‘साखर’ असे लिहून पुढे आकडाच नाही, हे वाचणाऱ्याला लगेच दिसते आणि तो विचारतो. दुसरा दोष झाकलेला असतो. ध्वनी नीट ऐकू आला नाही तरी यंत्रणा बहुधा जागा मोकळी सोडत नाही. ती जवळचा, रुळलेला शब्द तिथे बसवते. त्यामुळे वाक्य सुबक दिसते आणि चूक असल्याची शंकाच येत नाही. रुग्णाला जास्त धोका या दुसऱ्या दोषाचा आहे.

‘सकाळी खाल्लं आहे’ हे वाक्य पाहा. माळशिरस तालुक्यात घरच्या बोलीत ‘आहे’ला ‘हाय’ आणि ‘नाही’ला ‘न्हाय’ म्हणतात. ‘न्हाय’मधला सुरुवातीचा ‘न’ मोटारीच्या घरघरीत बुडाला, तर उरतो ‘हाय’. प्रमाण मराठीवर जास्त शिकलेली यंत्रणा तो ‘हाय’ नीटनेटका करून ‘आहे’ लिहिते. म्हणजे ‘सकाळी खाल्लं न्हाय’ हे वाक्य ‘सकाळी खाल्लं आहे’ होऊन येऊ शकते. शुद्धलेखन बिनचूक आणि अर्थ पूर्ण उलटा. इन्शुलिन टोचून घेतले आणि खाल्ले नाही, हेच तर घाम आणि कापरे येण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण. जो शब्द सर्वांत महत्त्वाचा, तोच नेमका उलटलेला असू शकतो.

आता ‘सत्तर टोचलं’. याचे किमान चार अर्थ निघतात. एक, मुलगा ‘सतरा’ म्हणाला आणि यंत्रणेने ‘सत्तर’ लिहिले. दोन, खरोखरच चुकून सत्तर युनिट टोचले गेले. तीन, तो इन्शुलिनचे नाव सांगत होता. आपल्याकडे मिश्र इन्शुलिनची बाटली ‘तीस-सत्तर’ या नावाने ओळखली जाते आणि त्यातले ‘तीस’ गळले असेल. चार, साखर सत्तर होती आणि आकडा वरच्या तुकड्याला चिकटून आला. म्हणून खाली ‘साखर’ हा शब्द एकटा पडला. सतरा युनिट हा अनेकांचा रोजचा डोस असतो, तर सत्तर युनिट एखाद्या म्हातारीच्या जिवावर बेतू शकतात.

मराठी आकड्यांत अशा जोड्या आणखी आहेत. ‘साठ’ आणि ‘आठ’, ‘सोळा’ आणि ‘सोळाशे’, ‘दीड’ आणि ‘दीडशे’. आपण ‘अडीच’, ‘सव्वाशे’, ‘पावणेदोनशे’ असे बोलतो. त्यातला ‘पावणे’ गळला की १७५चे थेट २०० होतात. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांचा असाच घोटाळा होतो, म्हणून औषधसुरक्षेचे नियम सांगतात की तोंडी डोस सांगताना आकडा बोलून पुढे त्याचे अंकही सुटे बोला : फिफ्टीन, वन-फाइव्ह. हीच पद्धत मराठीत सहज चालते. ‘सतरा, म्हणजे एक-सात.’ ‘सत्तर, म्हणजे सात-शून्य.’ असे बोलले तर शेजारी मोटार चालू असतानाही दोन्हींपैकी एक तरी रूप शाबूत पोहोचते.

शेवटचा ‘धन्यवाद’ही तपासण्यासारखा आहे. तो मुलाने म्हटला असेल किंवा नसेलही. बोलणे थांबल्यावर उरलेल्या शांततेत किंवा गोंगाटात न बोललेले शब्द लिहिण्याची खोड अशा काही यंत्रणांना असते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४ साली ‘व्हिस्पर’ या गाजलेल्या यंत्रणेची तपासणी प्रसिद्ध केली. इंग्रजी बोलण्याच्या सुमारे १ टक्का तुकड्यांत, कुणी उच्चारलेच नव्हते असे शब्द किंवा अख्खी वाक्ये तिने लिहिली होती. त्यांपैकी सुमारे ३८ टक्के मजकूर अपायकारक ठरावा असा होता. अर्धांगवायूसारख्या आजारानंतर ज्यांच्या बोलण्यात अडथळा आला आहे, म्हणजे जे जास्त वेळ थांबत बोलतात, त्यांच्या बाबतीत हे अधिक घडले. प्रत्येक मोबाइलवर हीच यंत्रणा असते असे नाही, त्यामुळे ते प्रमाण आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाही. पण एवढे कळते की बोलायला सर्वांत जास्त कष्ट पडणाऱ्या रुग्णाच्या मेसेजवर सर्वांत कमी विसंबावे. मेसेजच्या शेवटी विषयाशी न जुळणारे ‘धन्यवाद’ किंवा एकच वाक्य दोन-तीनदा आले असेल तर ते यंत्रणेचे भरताड असू शकते. ‘धन्यवाद म्हणतोय, म्हणजे बरे असावे’ असा अर्थ त्यातून काढू नये.

एवढी अनिश्चितता असताना उत्तर कसे द्यायचे? इथे नेहमी तीन चुका होतात. पहिली, ‘काही समजलं नाही, नीट लिहा’ असे उत्तर देणे. मुलगा पुन्हा त्याच मोटारीशेजारी तेच बोलेल, तेच तुकडे येतील आणि दहा मिनिटे जातील. दुसरी, अंगठ्याचे चिन्ह पाठवणे. पाठवणाऱ्याला वाटते की सिस्टरना कळले, आता त्या सांगतील. सिस्टरना वाटते की आपण पोच दिली. दोघेही वाट पाहत बसतात. तिसरी चूक हुशार माणसाकडून होते : तुकडे स्वतःच जोडून घेणे. ‘साखर सत्तर आहे, खाल्लेलं आहे, मग पडून राहू द्या’ असा अर्थ लावून तसे उत्तर दिले जाते. वाचणाऱ्याचा मेंदूही त्या यंत्रणेसारखाच वागतो. गाळलेली जागा तो ओळखीच्या शब्दाने भरतो आणि आपण भरली हे विसरतो.

उपयोगी उत्तराची सुरुवात वेगळ्या प्रश्नाने होते : जे कळलेले नाही ते बाजूला ठेवले, तर जे कळले आहे त्यावरून आत्ता काय करता येईल? या मेसेजमध्ये दोन गोष्टी जवळपास पक्क्या आहेत. ‘घाम’ आणि ‘अंग कापतंय’ ही लक्षणे वेगवेगळ्या तुकड्यांत आली आहेत आणि एकमेकींना दुजोरा देतात. ‘टोचलं’ हा शब्द इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाच्या घरून आला आहे. इन्शुलिन घेणाऱ्याला घाम आणि कापरे सुटले, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत रक्तातली साखर उतरली आहे असेच धरतात. डोस सतरा होता की सत्तर, खाल्ले होते की नव्हते, यांपैकी कशानेही पहिली कृती बदलत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे चार छोटे चमचे, अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून पाजायची. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि साखर ७०च्या खालीच असेल तर तेवढीच पुन्हा द्यायची.

पण अंदाज चुकला असेल तर? समजा साखर उतरलेली नव्हती, उलट वाढलेली होती. मग चार चमचे साखरेने ती आणखी थोडी वाढेल आणि काही तासांत ते सावरता येईल. उलट, साखर खरोखर उतरलेली असताना अर्धा तास आकड्यांची चौकशी करण्यात घालवला, तर रुग्ण बेशुद्ध पडू शकतो, झटके येऊ शकतात. दोन्ही चुका सारख्या नाहीत. तुटक मेसेजला उत्तर देताना हा तोल दर वेळी पाहावा लागतो : आपला अंदाज चुकला तरी ज्या कृतीने फारसे बिघडणार नाही, ती आधी सांगायची, आणि जिथे चूक महागात पडेल, तिथे पक्के कळल्याशिवाय एक शब्दही सांगायचा नाही. ‘साखर पाजा’ हे पहिल्या प्रकारात येते. ‘संध्याकाळचे इन्शुलिन इतके घ्या’ हे दुसऱ्या प्रकारात.

यानंतर आपल्याला काय कळले आणि काय कळले नाही, ते स्पष्ट लिहायचे. सिस्टरचे उत्तर असे असू शकते :

दादा, आई शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर आत्ता चार छोटे चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून पाजा.

शुद्धीवर नसतील तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा. १०८ला फोन लावा.

तुमच्या मेसेजवरून मला एवढं कळलं : घाम आलाय, अंग कापतंय, इन्शुलिन टोचलंय. किती टोचलं आणि खाल्लं की नाही, हे कळलं नाही.

साखर तपासून मशीनचा फोटो पाठवा.

आई जेवल्यात का? जेवल्या असतील तर १ पाठवा, नसतील तर २ पाठवा.

या उत्तराची बांधणी पाहण्यासारखी आहे. कृती सर्वांत वर आहे, कारण घाबरलेला माणूस पहिल्या दोन ओळी वाचतो. ‘मला एवढं कळलं’ ही ओळ रुग्णालयातल्या एका जुन्या शिस्तीतून आली आहे. फोनवर डॉक्टरांनी औषध सांगितले की नर्सने ते लिहून घ्यायचे आणि जसेच्या तसे परत वाचून दाखवायचे. अमेरिकेतल्या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००३पासून हे बंधनकारक केले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय जाहीर केले, त्यांतला पहिलाच दिसायला व ऐकायला सारख्या वाटणाऱ्या औषधांच्या नावांबद्दल होता. कारण एकच : ऐकणाऱ्याने काय ऐकले, हे बोलणाऱ्याला कळल्याशिवाय चूक सापडत नाही. मेसेजमध्येही तेच. मुलाने ‘घाम आलाय’ वाचले की त्याला पटते. एखादी गोष्ट चुकीची दिसली तर तो लगेच सांगतो.

प्रश्न विचारण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. ‘खाल्लं आहे का?’ असे विचारले तर उत्तर पुन्हा ‘हाय’ किंवा ‘न्हाय’ येईल आणि पुन्हा तोच घोळ. म्हणून उत्तर एका आकड्यात मागायचे आणि १ किंवा २ बोलायचे नाही, बोटाने दाबायचे. मशीनवरचा आकडा लिहून मागण्यापेक्षा फोटो मागायचा. फोटोत सतराचे सत्तर होत नाहीत. अनेक ग्लुकोमीटर साखर २०च्या खाली गेली की आकडा न दाखवता पडद्यावर `Lo` एवढेच दाखवतात; ते बोलून सांगताना हमखास बिघडते, फोटोत बिघडत नाही.

डोसचा प्रश्न सिस्टरनी दुसऱ्या मेसेजसाठी ठेवला, कारण एका वेळी चार प्रश्न विचारले की एकाचे उत्तर येते आणि ते कोणत्या प्रश्नाचे हे कळत नाही. साखरेचे पाणी पाजून झाल्यावर त्यांनी विचारले : ‘सिरिंजच्या सुईला टोपण लावा. सकाळी भरली होती तेवढ्याच रेघेपर्यंत दट्ट्या ओढा आणि फोटो पाठवा.’ वापरलेल्या सिरिंजचा नुसता फोटो मागून उपयोग नसतो, कारण टोचल्यावर दट्ट्या तळाशी गेलेला असतो.

इथे जाणकार वाचणाऱ्याला आणखी एक पडताळा करता येतो. आपल्याकडे इन्शुलिनच्या साध्या बाटल्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. त्यांची एक मिलिलिटरची लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटपर्यंतच भरते. म्हणजे तिने एका टोचण्यात सत्तर युनिट देताच येत नाहीत. आकडा आणि वस्तू जुळत नसेल तर आकड्यावर शंका घ्यावी. मात्र एवढ्यावरून ‘सतराच असणार’ असे ठरवणे म्हणजे पुन्हा अंदाजच. घरात १०० युनिटची सिरिंज असू शकते, किंवा आईने आणि सुनेने वेगवेगळे टोचलेले असू शकते. पडताळ्यातून फक्त एवढे ठरते की कोणता प्रश्न आधी विचारायचा.

उत्तरे आली. जेवणाबद्दल ‘२’. मशीनच्या फोटोत ५८. दट्ट्या सतराव्या रेघेवर. म्हणजे ‘सकाळी खाल्लं आहे’ हे मूळचे ‘न्हाय’ होते आणि सत्तर म्हणजे सतरा. इन्शुलिन टोचून झाले, मोटारीच्या गडबडीत आईचा नाश्ता राहून गेला. १५ मिनिटांनी साखर ८४ झाली. मग भाकरी-भाजी खायला घालून तासाभराने पुन्हा तपासणे आणि त्याच दिवशी केंद्रात आणून डोस तपासून घेणे एवढे पुरेसे होते. दट्ट्याचा फोटो सत्तर दाखवता तर मात्र साखर ८४ झाली म्हणून कुणीही निश्चिंत राहू शकले नसते. मिश्र इन्शुलिनचा लांब पल्ल्याचा भाग अर्धा दिवस आणि त्याहून अधिक काळ काम करत राहतो; साखर पुन्हा पुन्हा उतरते. अशा रुग्णाला बरे वाटत असतानाही रुग्णालयात दाखल करून तासातासाला तपासावे लागते. पहिली कृती आकड्यावर अवलंबून नव्हती, दुसरी पूर्णपणे आकड्यावर अवलंबून होती. म्हणून पहिली लगेच सांगायची आणि दुसरीसाठी आकडा पक्का करायचा.

काही मेसेजमध्ये एवढेही हाती लागत नाही. आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते. त्या दिवशी टाळ-मृदंग, ध्वनिक्षेपक आणि गर्दीने दमलेले मोबाइल नेटवर्क यांतून येणाऱ्या मेसेजमध्ये अभंगाचे चार शब्द, ‘हॅलो हॅलो’ आणि कुणाचे तरी नाव एवढेच असू शकते. मजकुरात काही नसेल तेव्हा पाठवणारा कोण आहे, ते पाहावे. खिशात माइक दाबला जाऊन असा मेसेज गेला असेल, हेही खरे. पण नंबर आठव्या महिन्यातल्या गरोदर बाईचा, हृदयरुग्णाचा किंवा कालच ताप आलेल्या बाळाच्या घरचा असेल तर तो चुकून आला असे परस्पर ठरवू नये. ‘तुमचा मेसेज कळला नाही. सगळं ठीक असेल तर १, त्रास असेल तर २ पाठवा. मी फोन करते आहे’ एवढे पाठवून फोन लावावा; लागला नाही तर त्या भागातल्या आशाताईला सांगून घरी जायला लावावे. गोंगाटालाही उत्तर द्यायचे असते ते यासाठी.

यावर एक साधा उपाय सुचतो : बोलून टाइप करण्याऐवजी आवाजच रेकॉर्ड करून पाठवावा. तो अनेकदा खरोखर बरा असतो. लिहिलेल्या मजकुरात ‘दम लागतोय’ एवढेच दिसते. आवाजात रुग्ण एक वाक्य एका श्वासात पुरे करू शकतो का, हे ऐकू येते, आणि डॉक्टरसाठी ती स्वतंत्र खूण असते. ‘न्हाय’ आणि ‘हाय’ मराठी कानाला गोंगाटातही बऱ्याचदा वेगळे कळतात. मात्र रेंज कमी असेल तर आवाजाची फाइल अडकून बसते आणि चार शब्दांचा मजकूर निघून जातो. ओपीडीच्या गर्दीत सिस्टर तीस मेसेज डोळ्यांखालून घालू शकतात, तीस रेकॉर्डिंग ऐकू शकत नाहीत. म्हणून धोक्याचा एक शब्द मजकुरात आणि सविस्तर आवाजात, असे दोन्ही पाठवणे चांगले. छातीत दुखणे, श्वास न पुरणे, सर्पदंश, झटके, बेशुद्धी आणि बाळंतपणातला रक्तस्राव यांत मात्र मेसेज कसलाही नको, थेट १०८.

२५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मजकुरावरून सल्ला देण्याला त्यांत मान्यता आहे. पण मिळालेली माहिती पुरेशी आहे की नाही, हे ठरवण्याची जबाबदारी डॉक्टरवर टाकली आहे आणि निदानाशिवाय औषध लिहिणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा भाग मानला आहे. तुटक मेसेज आला तर माहिती पुरेशी नाही, हे उघड आहे. ती पुरेशी कशी करून घ्यायची, हे मात्र प्रत्येक सिस्टर आणि आशाताईने आपापल्या अनुभवातून शोधावे अशी आजची स्थिती आहे.

ती बदलायला मोठा खर्च लागत नाही. तालुका पातळीवरच्या मासिक बैठकीत तीन गोष्टी ठरवता येतील. बोलून टाइप केलेल्या आकड्यावर कोणताही डोस दिला किंवा बदलला जाणार नाही. फोटो, सुटे अंक किंवा फोन यांपैकी एकाने तो पक्का होईल. प्रत्येक तुटक मेसेजच्या उत्तरात ‘मला एवढं कळलं, एवढं कळलं नाही’ ही ओळ असेल. आणि दुसरा मेसेजही कळला नाही तर तिसऱ्याची वाट न पाहता फोन होईल. फोन लागला नाही तर माणूस जाईल. इन्शुलिन सुरू करताना रुग्णाच्या घरच्यांना सिरिंज भरायला शिकवतात, तेव्हाच ‘सतरा, एक-सात’ असे बोलायलाही शिकवावे, आणि मेसेज पाठवण्याआधी मोटार बंद करायलाही.